कबुली मागे घेणाऱ्यांचा मृत्यू: टेम्पलर संघाच्या अंताची पार्श्वभूमी

टेम्पलर, म्हणजे मध्ययुगातल्या लढवय्या ख्रिस्ती साधूंचा संघ, म्हटलं की बहुतेकांना १३ ऑक्टोबर १३०७ चा शुक्रवार आठवतो. त्या पहाटे फ्रान्सभर एकाच वेळी त्यांची धरपकड झाली. शुक्रवारी आलेली तेरा तारीख अशुभ, ही समजूतही या घटनेला जोडली जाते, पण तो संबंध अलीकडच्या काळात लावलेला आहे. माझ्या मते या खटल्याचा खरा निकाल त्या शुक्रवारी लागलाच नाही. तो लागला अडीच वर्षांनी, १२ मे १३१० रोजी, पॅरिसच्या वेशीबाहेर.

संघ स्थापन झाला १११९ च्या सुमारास, जेरुसलेमला जाणाऱ्या ख्रिस्ती यात्रेकरूंच्या रक्षणासाठी. ब्रह्मचर्य, अपरिग्रह आणि आज्ञापालन ही साधूंची व्रतं घ्यायची आणि तलवारही चालवायची, असा हा नवा प्रकार होता. ११३९ मध्ये पोपने त्यांना थेट आपल्या छत्राखाली घेतलं आणि स्थानिक बिशपांचा अधिकार त्यांच्यावरून उठवला. युरोपभरच्या दानातून त्यांच्याकडे जमिनी आल्या, ठेवी आल्या. पॅरिसमधल्या त्यांच्या गढीत तर फ्रान्सच्या राजाचा खजिनाच ठेवलेला असे. पण १२९१ मध्ये आक्र हे बंदर पडलं आणि पवित्र भूमीतला ख्रिस्ती सत्तेचा शेवटचा मोठा आधार गेला. ज्या कामासाठी संघ उभा होता ते कामच उरलं नाही, संपत्ती मात्र शाबूत राहिली.

फ्रान्सचा राजा चौथा फिलिप सतत पैशाच्या तंगीत असे. त्याने नाण्यांतली चांदी कमी करून पाहिली होती, १३०६ मध्ये ज्यूंना देशाबाहेर काढून त्यांची मालमत्ताही घेतली होती. नुसत्या लोभाने सगळा उलगडा होतो असं मात्र मला वाटत नाही. स्वतःला धर्माचा रक्षक मानणारा हा राजा आधीच्या पोपशीही भिडला होता. १३०३ मध्ये त्या पोपला अनान्यी गावात पकडायला जो मंत्री गेला होता, तोच गियोम द नोगारे टेम्पलरांच्या प्रकरणातही पुढे होता.

आरोप भयंकर होते. दीक्षेच्या वेळी ख्रिस्ताला नाकारायला लावतात, क्रूसावर थुंकायला लावतात, अश्लील चुंबनं घेतात, मूर्ती पूजतात. दीक्षा बंद दाराआड होत असल्यामुळे अशा गोष्टींवर लोकांचा विश्वास बसणं सोपं होतं. १४ सप्टेंबरला गुप्त हुकूम निघाले. १२ ऑक्टोबरला संघाचा प्रमुख जाक द मोले राजाच्या भावजयीच्या अंत्ययात्रेत मानाच्या जागी चालत होता आणि दुसऱ्या पहाटे तो कैदेत होता. हुकमात चौकशीची रीतही सांगितली होती: कबूल केलं तर माफी, नाही तर मृत्यू, आणि गरज पडली तर छळ. धर्मसंघावर राजाचा अधिकार चालत नसल्याने सगळं इन्क्विझिशनच्या नावाने झालं. गोव्याच्या इतिहासामुळे हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. फ्रान्सचा मुख्य इन्क्विझिटर राजाच्याच कबुलीजबाबांचा पाद्री होता. पॅरिसमध्ये १३८ जणांच्या जबान्या झाल्या आणि त्यांतल्या १३४ जणांनी काही ना काही कबूल केलं.

पोप पाचवा क्लेमेंट संतापला, पण कबुल्या समोर आल्यावर त्याला स्वस्थ बसता येईना. त्याने सगळ्या राजांना अटकेचे आदेश दिले, पुढे मोलेने कबुली फिरवल्यावर इन्क्विझिटरांचे अधिकार स्थगित केले आणि राजाचा दबाव वाढताच १३०८ च्या उन्हाळ्यात पुन्हा नमतं घेतलं. तेव्हा ठरलेली व्यवस्था नीट समजून घ्यायला हवी. चौकशा दोन होणार होत्या. एकेका टेम्पलराच्या अपराधाचा निवाडा त्या त्या भागातला बिशप करणार आणि संपूर्ण संघाचा दोष पोपने नेमलेला आयोग तपासणार. म्हणजे एकच माणूस एकीकडे आरोपी आणि दुसरीकडे साक्षीदार. त्यात चर्चच्या कायद्याचा एक नियम असा, की पाखंड कबूल करून चर्चमध्ये परत घेतलेला माणूस फिरला, तर तो ‘पुन्हा पतित’ ठरतो. त्याला क्षमा नाही. चर्च त्याला राजसत्तेच्या हवाली करतं आणि राजसत्ता जाळते. त्यामुळे आयोगापुढे ‘संघ निर्दोष आहे’ म्हणणं हा बिशपापुढे गुन्हा ठरू शकत होता.

तरीही ते उभे राहिले. नोव्हेंबर १३०९ मध्ये पोंसार द जिझी याने आयोगाला सांगितलं, की हात पाठीमागे इतके करकचून बांधले होते की नखांपर्यंत रक्त उतरलं, आणि तसंच खड्ड्यात ठेवलं. असा छळ पुन्हा झाला तर मी हवं ते कबूल करेन, हेही त्याने सांगून टाकलं. बर्नार द व्हादो या पाद्र्याचे तळपाय विस्तवाशी धरले होते. पुढे टाचांतून गळून पडलेली हाडं त्याने आयोगापुढे ठेवली. २८ मार्च १३१० रोजी पॅरिसच्या बिशपाच्या बागेत साडेपाचशेच्या आसपास टेम्पलर संघाच्या बचावासाठी जमले होते.

राजाला हे परवडणारं नव्हतं. पॅरिस ज्या सांसच्या आर्चबिशपाच्या हाताखाली येई, त्या जागी फिलिप द मारिन्यी होता, राजाच्या खास मंत्र्याचा भाऊ. त्याने आपली धर्मसभा भरवली आणि बचावाला उभ्या राहिलेल्यांपैकी ५४ जणांना ‘पुन्हा पतित’ ठरवलं. १२ मे रोजी त्यांना गाड्यांत घालून नेऊन सेंट अँथनीच्या मठाजवळ जिवंत जाळलं.

दुसऱ्या दिवशी एमेरी द व्हिलिए-ल-द्युक आयोगापुढे आला. चेहरा पांढराफटक पडलेला. तो छाती बडवत गुडघ्यांवर बसला आणि शपथेवर म्हणाला, की हे सगळे आरोप खोटे आहेत. पण त्या गाड्या मी काल पाहिल्या आहेत, मला ते सोसवणार नाही, विचारलंत तर प्रभूला मीच मारलं असंही कबूल करेन. मी बोललो ते राजाच्या माणसांना कळू देऊ नका, अशी विनवणीही त्याने केली. त्यानंतर बचाव कोसळला.

जिथे फिलिपचा हात पोचत नव्हता तिथे चित्र वेगळं होतं. सायप्रसमध्ये जबान्या देणाऱ्या टेम्पलरांनी आरोप नाकारले आणि इटलीतल्या राव्हेन्नाच्या धर्मसभेने आपल्यापुढे आलेल्या टेम्पलरांना निर्दोष मानलं. व्हिएनच्या मोठ्या धर्मसभेतही बहुतेकांचं मत संघाला बाजू मांडू द्यावी असंच होतं. मार्च १३१२ मध्ये फिलिप सैन्यासह तिथे पोचला आणि क्लेमेंटने २२ मार्चच्या आदेशाने संघ बरखास्त केला. तो आदेश म्हणजे न्यायनिवाडा नव्हता, बदनामीमुळे पोपने स्वतःच्या अधिकारात काढलेला हुकूम होता. संघावर दोष सिद्ध झाल्याचा निकाल त्यात नाही. मालमत्ता हॉस्पिटलर या दुसऱ्या लढवय्या धर्मसंघाकडे गेली, पण फिलिपने हिशेबापोटी त्यांच्याकडून दोन लाख लिव्र घेतले. पोर्तुगालात तिच्यातून १३१९ मध्ये ‘ख्रिस्ताचा संघ’ उभा राहिला. पुढे गोव्याच्या किनाऱ्याला लागलेल्या पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर याच संघाचा लाल क्रूस होता.

राहिले चार पुढारी. १८ मार्च १३१४ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम चर्चसमोर त्यांना जन्मठेप सुनावली. तेवढ्यात मोले आणि जोफ्रवा द शार्ने पुढे सरसावले आणि आमच्या कबुल्या खोट्या होत्या, संघ निर्दोष आहे, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. संध्याकाळ होईतो दोघांना सेन नदीतल्या बेटावर जाळलं होतं. उरलेले दोघे, ह्यूग द पेरो आणि जोफ्रवा द गोनव्हिल, काहीच बोलले नाहीत. त्यांना परत तुरुंगात नेलं.