दहा पानांचा अहवाल, साहेबांसाठी एक पान
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे अहवाल घेऊन येणारे बहुतेक ग्राहक एकच वाक्य बोलतात : "दहा पानं झालीत, साहेबांसाठी एका पानात बसवून द्या." यातला 'बसवून' हा शब्दच घोळ करतो. बसवायला गेले की प्रत्येक प्रकरणाचा पहिला परिच्छेद उचलला जातो, फॉन्ट ९ वर येतो, समास आकसतात आणि हाती येतो तो दहा पानांचाच अहवाल, फक्त भिंग घेऊन वाचायचा.

एकपानी सारांश, म्हणजे ज्याला कंपन्यांत एक्झिक्युटिव्ह समरी म्हणतात, तो आम्ही कसा करतो हे एका खऱ्या कामावरून सांगतो. ग्राहकाच्या परवानगीने सांगत आहोत. आकडे बदलले आहेत, पण त्यांचा आपसातला हिशोब जुळता ठेवला आहे.

अंबडच्या एका कारखान्यातले मेंटेनन्स मॅनेजर अहवाल घेऊन आले. विषय होता कॉम्प्रेस्ड एअरची गळती. पहिल्या दोन पानांत कारखान्याची ओळख आणि कॉम्प्रेसरचा इतिहास, तिसऱ्यावर चाचणीची पद्धत, चौथ्यावर गळतीचा हिशोब, पाच-सहावर गळक्या ६३ जागांची यादी आणि फोटो, सातव्यावर दुरुस्तीचे पर्याय, आठव्यावर बचत, नवव्यावर कोटेशन, दहाव्यावर आभार आणि शिफारस. म्हणजे काम ज्या क्रमाने झाले, त्याच क्रमाने लिहिलेले. इंजिनिअरला हा क्रम बरोबरच वाटतो. साहेबांची वाचायची दिशा मात्र उलटी असते. किती पैसे मागताय, कधी सुटतील, उत्पादन किती वेळ थांबेल, हे त्यांना आधी हवे असते. चाचणी कशी केली हा प्रश्न ते विचारतील, पण आकडा पटला नाही तरच.

म्हणून आम्ही अहवाल उघडण्याआधी ग्राहकाला एक प्रश्न विचारतो : हे पान वाचून झाल्यावर साहेबांनी नेमके काय करायचे? मॅनेजरसाहेब म्हणाले, "त्यांना विषय कळला पाहिजे." आम्ही पुन्हा विचारले. तिसऱ्या वेळी खरे उत्तर आले : "३ लाख २४ हजार मंजूर करायचे आणि सुट्टीच्या दोन दिवशी एअर लाइन बंद ठेवायची परवानगी द्यायची." हेच पानाचे पहिले वाक्य. हे वाक्य मिळत नसेल तर सारांश लिहायची वेळ अजून आलेली नाही. अहवाल नुसता माहितीसाठी असेल तर तसे वर लिहावे, साहेबांना निर्णय शोधत बसायला लावू नये.

त्यानंतर छापील अहवालावर पेन्सिल चालते. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात आम्ही एक अक्षर लिहितो : 'नि' म्हणजे निर्णयाला लागणारे, 'आ' म्हणजे निर्णय ज्यावर उभा आहे तो आकडा, 'अ' म्हणजे अट किंवा धोका, आणि 'पु' म्हणजे पुरावा. कशातच न बसणाऱ्या मजकुरावर आडवी रेघ. या अहवालात पहिली दोन पाने रेघेखाली गेली, यादी आणि फोटो 'पु' झाले. पुरावा सारांशात येत नाही, त्याचा फक्त पान क्रमांक येतो. 'अ' मात्र तीनच ठिकाणी मिळाला, आणि सगळ्यात जास्त जपायचा तोच असतो. लहान करताना अटी आधी गळतात, कारण त्या वाक्याच्या शेपटाला असतात.

एक परिच्छेद जवळून पाहा. पान ३ वर असे होते :

"सर्व यंत्रे बंद ठेवून केवळ कॉम्प्रेसर चालू ठेवण्यात आला व त्याचा लोड व अनलोड कालावधी स्टॉपवॉचद्वारे दहा वेळा नोंदविण्यात आला. सरासरी लोड कालावधी ९६ सेकंद व अनलोड कालावधी १४४ सेकंद आढळून आला. यावरून गळतीचे प्रमाण ४० टक्के असल्याचे निदर्शनास येते."

सारांशात याचे झाले : "एकही यंत्र चालू नसताना कॉम्प्रेसर ४० टक्के वेळ हवा भरत होता, ती सगळी हवा गळतीत गेली (पान ३)." सेकंद गेले, स्टॉपवॉच गेले, दहा वेळा गेले. पण 'एकही यंत्र चालू नसताना' हे ठेवले, कारण ४० टक्क्यांना अर्थ त्यामुळेच येतो. नुसते 'गळती ४० टक्के' वाचून साहेब विचारतील, "कशाच्या ४० टक्के?"

आता आमचीच एक चूक. पहिल्या मसुद्यात आम्ही वर्षाची बचत ९.७२ लाख रुपये लिहिली. आकडा अहवालातलाच होता, पान ४ वरचा. लोडवर कॉम्प्रेसर ६० किलोवॅट घेतो, गळती ४० वरून १० टक्क्यांवर आणायची, म्हणजे ३० टक्के वाचले, १८ किलोवॅट. वर्षाला ६,००० तास आणि युनिटला ९ रुपये धरले की ९.७२ लाख होतात. पण तो वाया जाणाऱ्या हवेची किंमत सांगणारा आकडा होता. खरी बचत पान ८ वर होती. हवा भरणे थांबले म्हणून मोटर थांबत नाही, अनलोडवरही ती २० किलोवॅट घेत राहते. म्हणजे वाचतात ते ६० मधून २० वजा केलेल्या ४० किलोवॅटचे ३० टक्के, १२ किलोवॅट. वर्षाला ७२,००० युनिट, ६.४८ लाख रुपये. हे कारखान्याच्या अकाउंट्समधल्या ताईंच्या लक्षात आले. त्यांनी फोनवर एवढेच विचारले, "लाइट बिलात नऊ लाख कमी येणार का?"

तेव्हापासून आमच्याकडे रीत आहे : अहवालात एकाच गोष्टीचे दोन आकडे असले तर दोन्हींचे पान समोरासमोर ठेवून फरक कशाचा हे ग्राहकाकडून लिहून घ्यायचे. सारांशात जातो तो आकडा, जो पुढे बिलात किंवा खात्यात तपासता येईल. मोठा आकडा मोहात पाडतो, पण वर्षाने बिल समोर आले की मॅनेजरची पत जाते.

दुसरी गळू शकणारी गोष्ट म्हणजे अंदाजाचा अंदाजपणा. गळती १० टक्क्यांवर येईल हे उद्दिष्ट आहे, अजून घडलेले नाही. अहवालात 'अपेक्षित आहे' असे होते, आमच्या मसुद्यात 'येईल' झाले होते. नुसते 'अपेक्षित' परत लिहूनही फार काम होत नाही. काम कमी उतरले तर काय, ते आकड्यात सांगावे. गळती २० टक्क्यांवरच थांबली तर बचत ४.३२ लाख होते आणि खर्च सहाऐवजी नऊ महिन्यांत सुटतो. हे एक वाक्य साहेबांना सगळ्यात जास्त आवडले, असे नंतर कळले.

शेवटी गेलेले पान असे होते :

विषय : एअर लाइनमधील गळतीची दुरुस्ती

मागणी : ३.२४ लाख रुपयांना मंजुरी आणि साप्ताहिक सुट्टीच्या दोन दिवशी एअर लाइन पूर्ण बंद ठेवण्याची परवानगी. उत्पादनाचा एकही तास जाणार नाही.

कारण : एकही यंत्र चालू नसताना कॉम्प्रेसर ४० टक्के वेळ हवा भरत होता, ती सगळी हवा गळतीत गेली (पान ३). गळक्या ६३ जागा सापडल्या, त्यातल्या ४१ प्रेस शॉपमधल्या होज पाइपच्या कपलिंगवर आहेत (पान ५–६).

खर्च : कपलिंग, होज आणि व्हॉल्व्हची दुरुस्ती १.१४ लाख, हेडरचा गंजलेला ६० मीटर भाग बदलणे २.१० लाख (पान ९).

फायदा : गळती १० टक्क्यांवर आली तर वर्षाला ७२,००० युनिट, म्हणजे ६.४८ लाख रुपये वाचतील. खर्च ६ महिन्यांत सुटेल (पान ८). गळती २० टक्क्यांवरच थांबली तर बचत ४.३२ लाख, खर्च ९ महिन्यांत सुटेल.

अट : कपलिंग पुन्हा सैल होतात. दर तीन महिन्यांनी हीच चाचणी घेतली नाही तर बचत टिकणार नाही. जबाबदारी मेंटेनन्स विभागाची.

न केल्यास : सध्याचा वीजखर्च चालू राहील, उन्हाळ्यात दाब कमी पडला तर दुसरा कॉम्प्रेसर घ्यावा लागेल असे वाटू शकते, प्रत्यक्षात गरज गळती थांबवण्याची असेल (पान ७).

एवढेच. पान अर्ध्याच्या थोडे पुढे गेले आणि आम्ही ते भरले नाही. उरलेल्या जागेत साहेब पेनने शेरा मारतात, ती त्यांची जागा. मराठी मजकूर ए-फोर कागदावर ११ किंवा १२ च्या फॉन्टमध्ये ठेवावा. ओळींमधले अंतर कमी केले तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात. साडेतीनशे शब्दांपुढे गेलात तर फॉन्टला हात न लावता एखादा मुद्दा काढा. 'न केल्यास' हा भाग मात्र सगळ्यांनाच लागतो असे नाही. बँकेसाठीच्या सारांशात तो आम्ही सहसा टाकत नाही. तिथे परतफेड कशातून होणार आणि तारण काय, हे त्या जागी येते.

पान पाठवण्याआधीची तपासणी घरीही करता येते. ज्याने अहवाल वाचलेला नाही अशा माणसाच्या हातात पान द्या, दोन मिनिटांनी काढून घ्या आणि विचारा : किती पैसे हवेत, कधी सुटतील, कुठे अडू शकते? तिन्हींची उत्तरे आली तर पान तयार. "विषय छान मांडलाय" असे उत्तर आले तर पुन्हा पेन्सिल घ्या. हे काम सहकाऱ्याला देऊ नका. त्याला आधीच सगळे माहीत असते, तो पानात नसलेलेही वाचतो.

आमच्याकडे काम देताना अहवालाची वर्ड फाइल आणा, स्कॅन केलेली पीडीएफ नको. हिशोबाची एक्सेल शीट असेल तर तीही द्या; निम्म्या चुका तिथेच सापडतात. पान कोण वाचणार, मंजुरीचा अधिकार त्यांचाच की पुढे कोणाकडे जाणार, हे सांगा. आम्ही पहिला मसुदा देताना सोबत प्रश्नांची यादी देतो. तिची उत्तरे अहवाल लिहिणाऱ्यानेच द्यावीत. आकडे आम्ही स्वतःहून बदलत नाही, गोल करत नाही. सारांश झाल्यावर मूळ अहवालात काही फिरवलेत तर पान तसेच पुढे पाठवू नका, दोन्ही घेऊन या. पान क्रमांकसुद्धा सरकलेले असतात.