प्रोजेक्टर तिरका ठेवून कीस्टोन लावला की नेमकं काय जातं

समजा १०० इंची पडदा आहे, रुंदी २.२ मीटर, आणि फुल एचडी प्रोजेक्टर ३.३ मीटरवर टीपॉयवर ठेवून त्याचं तोंड १५ अंश वर केलंय. चित्राची खालची कड २.२ मीटर आली तर वरची साधारण २.४३ मीटर होते, कारण वरच्या किरणांना जास्त लांब जावं लागतं. मग मेनूत जाऊन आपण कीस्टोन, म्हणजे तिरकं चित्र सरळ करणारी सेटिंग, फिरवतो, चित्र चौकोनी दिसतं आणि वाटतं झालं काम.

पण प्रोजेक्टर काय करतो तर आत जिथे चित्र तयार होतं त्या पॅनेलवरच ते उलट्या बाजूने तिरकं काढतो. वरच्या ओळीत १९२० पिक्सेल होते, आता त्याच ओळीचं चित्र १७३६च्या आसपास पिक्सेलमधे कोंबावं लागतं. एका पिक्सेलला एक पिक्सेल हा हिशोबच मोडतो, शेजारच्या रंगांची सरासरी काढून जागा भरली जाते, म्हणून सिनेमात एकवेळ कळत नाही पण एक्सेल शीट उघडली की बारीक अक्षरं आणि रेषा लगेच फुगीर दिसतात. उरलेले पिक्सेल काळे केलेले असतात, त्यांचा उजेड वाया जातो, आणि ते पूर्ण काळे कधीच नसतात, खोलीत अंधार केला की चित्राभोवती मंद करडी पट्टी दिसते.

याहून मोठी अडचण फोकसची आहे आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. तिरक्या प्रोजेक्टरला वरची कड खालच्या कडेपेक्षा जवळजवळ १०% लांब पडते, त्यामुळे मधे शार्प केलं की वर-खाली मऊ, आणि हे कुठलंही सॉफ्टवेअर दुरुस्त करू शकत नाही, कारण किरण तिथे जुळलेलेच नसतात.

यावर खरा उपाय म्हणजे लेन्स शिफ्ट. त्यात प्रोजेक्टर सरळच राहतो, पॅनेल पडद्याला समांतर, फक्त लेन्स पॅनेलसमोर वर-खाली सरकते. लेन्सचं प्रकाशवर्तुळ पॅनेलपेक्षा मोठं बनवलेलं असतं म्हणून हे जमतं. आपल्या केसमधे चित्राचा मध्य लेन्सपेक्षा सुमारे ८८ सेमी वर आहे. उभा शिफ्ट चित्राच्या उंचीच्या ६०% असेल तर ७५ सेमी मिळतात, म्हणजे टीपॉयपेक्षा १३ सेमी जास्त उंच काहीतरी घेतलं की कीस्टोन शून्यावर ठेवून भागतं. हां, शिफ्ट अगदी टोकाला नेला तर कोपऱ्यात थोडी रंगाची झालर येते, आणि उभा शिफ्ट पूर्ण वापरला की आडवा बहुतेक वेळा कमी मिळतो. स्वस्त मॉडेलमधे शिफ्ट नसतोच, तिथे स्टँडची उंची नीट ठरवणं हाच उपाय.

आकाराचंही तसंच, ऑप्टिकल झूमने चित्र लहान केलं तरी सगळे पिक्सेल कामात राहतात, डिजिटल झूमने ते कमी होतात.

लावताना आधी कीस्टोन शून्य करा (ऑटो कीस्टोन असेल तर तो बंद), लेव्हल पट्टीने प्रोजेक्टर सपाट करा, मग शिफ्ट, मग झूम, आणि फोकस सगळ्यात शेवटी, तोही अर्धा तास चालू ठेवून, कारण लेन्स गरम झाली की फोकस जरा सरकतो. तपासायला एक पिक्सेल काळा एक पांढरा अशा उभ्या रेषांचं चित्र लावा, चारही कोपऱ्यांत रेषा सुट्या दिसायला हव्यात, आणि लाटांसारखे पट्टे दिसले तर कुठेतरी कीस्टोन किंवा स्केलिंग अजून चालू आहे.