बारा बायकांशी गप्पा मारल्या, झाला का रिसर्च?

मागच्या महिन्यात एका नर्सिंग कॉलेजच्या व्हायवाला बसले होते. एमएस्सीची पोरगी क्वालिटेटिव्ह, म्हणजे आकड्यांऐवजी मुलाखतींवर केलेला थिसिस घेऊन उभी, आणि बाहेरून आलेले परीक्षक पहिलाच प्रश्न टाकतात, "सॅम्पल फक्त बारा? एवढ्यावर काय सिद्ध होणार?" पोरगी गप्प. मग तिने पाठ केलेला पॅराग्राफ म्हणून दाखवला, की क्रेडिबिलिटी, ट्रान्सफरेबिलिटी, डिपेंडेबिलिटी राखली आहे वगैरे. परीक्षकांचा प्रश्न चुकीचा होता, पण खरं सांगू का, उत्तर त्याहून वाईट होतं. हा पॅराग्राफ आजकाल प्रत्येक थिसिसमध्ये तिसऱ्या चॅप्टरच्या शेवटी लिंबू-मिरचीसारखा टांगलेला असतो. टांगला की दृष्ट लागत नाही म्हणे.

हे शब्द आले कुठून तर लिंकन आणि गुबा या दोन अमेरिकन संशोधकांनी 1985 मध्ये ते नीट मांडले. त्यांचं म्हणणं साधं होतं, की माणसाच्या अनुभवाचा अभ्यास करताना बीपीच्या मशीनला लावतो ती फूटपट्टी चालत नाही, पण म्हणून काहीच फूटपट्टी नको असंही नाही. मशीनने दोनदा मोजलं तर आकडा साधारण सारखा यायला पाहिजे. माणूस दोनदा बोलला तर दुसऱ्यांदा जास्त खरं बोलू शकतो. मग विश्वास कशावर ठेवायचा?

एक उदाहरण घेऊ. बनवलेलं आहे, पण खान्देशात ज्याने ओपीडीत काम केलंय त्याला ओळखीचं वाटेल. पारोळ्याकडच्या गावातल्या, बहुतेक कापसात मजुरीला जाणाऱ्या, साठीच्या आसपासच्या बारा बायका. शुगर आहे, सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन लिहून दिलेलं आहे, आणि मधूनमधून सकाळचं इंजेक्शन चुकवतात. प्रश्न असा की का चुकवतात. रिसर्च करणारी सिस्टर त्याच दवाखान्यात नोकरीला.

पहिल्या तीन मुलाखती ती ओपीडीतच घेते, युनिफॉर्ममध्ये, ड्युटी संपल्यावर. रेकॉर्डिंग उतरवून काढलं तर दिसतं काय, सिस्टरचा प्रश्न चार ओळींचा आणि आजीचं उत्तर चार शब्दांचं. प्रश्न पण कसा, "आजी, इंजेक्शन रोज घेता ना?" आता समोर सिस्टर उभी, पुढच्या महिन्यात तिच्याकडूनच औषध घ्यायचंय, कोण म्हणेल नाही घेत म्हणून? आजी म्हणते, "हो ताई, घेते ना, कधीतरी चुकतं."

इथे रिफ्लेक्सिव्हिटी सुरू होते. बरेच जण तिचा अर्थ घेतात "मी निःपक्षपाती राहिले" असं एक वाक्य लिहिणं. पण तिच्यात आपण स्वतःलाच एक इन्स्ट्रुमेंट समजून तपासायचं असतं. मी कोण आहे, माझ्या अंगावर काय आहे, मला आधीच काय वाटतंय, आणि त्याने समोरच्याचं उत्तर कुठे वाकतंय, हे वहीत तारीख टाकून लिहायचं. आपल्या सिस्टरने त्या रात्री लिहिलं पाहिजे, की मला वाटतं या बायका निष्काळजी आहेत, आज तीनही जणींना मी रागावल्यासारखं विचारलं. आणि नुसतं लिहून भागत नाही, पुढची मुलाखत बदलली पाहिजे. मग ती साध्या साडीत, संध्याकाळी, आजीच्या ओट्यावर बसून विचारते, "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं ते सांगा." आणि आजीला अहिराणीत बोलू देते.

आता एक आजी म्हणते, "सुई लिधी का जीव घाबरस." सिस्टर कोड टाकते, म्हणजे त्या वाक्याला अर्थाचं लेबल लावते, इन्सुलिनची भीती. अशी अजून तीन-चार वाक्यं सापडतात, त्या एकत्र करून मस्त थीम तयार होते, भीती आणि अज्ञान, शिफारस म्हणून समुपदेशन. पेपर छापून येईल असा.

पण ती परत जाते. काढलेला अर्थ आजीसमोर ठेवते, याला मेंबर चेकिंग म्हणतात. आजी हसते. "नही वं माय, सुईले कोन भ्यास? हातपाय कापतस, घाम सुटस." कधी? शेतात, दहा-अकराच्या सुमाराला. सकाळी काय खाल्लं? चहा. भाकरी बांधून नेलेली, ती ओळ संपल्यावर खायची.

म्हणजे भीती नाहीच! मिक्स इन्सुलिन घेतल्यावर साधारण अर्ध्या तासात जेवण व्हायला लागतं, इथे तीन-चार तास पोटात नुसता चहा आणि वर वेचणीची मेहनत, जी स्वतःच शुगर खाली ओढते. थरथर, घाम, घाबरल्यासारखं होणं ही हायपोग्लायसेमियाची, म्हणजे शुगर फार खाली गेल्याची, शाळेतल्या पोरालाही पाठ असावी अशी लक्षणं. ज्या दिवशी मजुरीला जायचं त्या दिवशी आजी सुई चुकवते, कारण तिला शेतात पडायचं नाहीये. आपण ज्याला अज्ञान म्हणणार होतो तो तिचा हिशोब होता. एका क्रियापदाने अख्खा निष्कर्ष उलटला, आणि क्रेडिबिलिटी म्हणतात ती हीच.

तरी मेंबर चेकिंग म्हणजे जादू नाही. आजी सिस्टरला बरं वाटावं म्हणून कशालाही हो म्हणू शकते. जॅनिस मोर्स या नर्सिंगमधल्याच संशोधिकेने आक्षेप घेतलाय, की बारा जणींच्या बोलण्यातून काढलेला निष्कर्ष एकीला आपला वाटेलच असं नाही. म्हणून "बरोबर ना आजी?" असं विचारायचं नसतं, "यात माझं काय चुकलं?" असं विचारायचं. आणि न बसणारी केस मुद्दाम शोधायची. समजा एक बाई घरी शिलाई करते, शेतात जात नाही, वेळेवर जेवते, तरी चुकवते. तिला विचारलं तर कळतं की घरात फ्रिज नाही, बाटली शेजारणीकडे ठेवलेली आणि शेजारीण गावाला गेली की सुई बंद. तिला थीममध्ये कोंबायचं नाही, थीमच वाढवायची.

डिपेंडेबिलिटीचं काम या मानाने कारकुनी आहे पण तिथेच सगळे पडतात. "भीती" हा कोड कोणत्या तारखेला खोडला, कोणत्या वाक्यावरून, त्याजागी "शेतातली थरथर" कधी आला, जुन्या मुलाखती परत कोड केल्या का, हे सगळं वहीत पाहिजे, म्हणजे दुसरं कोणी मागे मागे चालत येऊ शकेल. खोटं पकडायचं असेल तर कोडची यादी मागा. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकही कोड बदललेला नसेल तर थीम आधी ठरल्या होत्या आणि मुलाखती नंतर झाल्या. सॉफ्टवेअर वापरलं हे त्याचं उत्तर नाही, ते फाईली नीट लावतं, "जीव घाबरस" त्यालाही कळत नाही.

एक गोष्ट लोक लपवतात. थरथर ऐकल्यावर सिस्टर गप्प बसू शकत नाही, तिने तिथल्या तिथे सांगायला पाहिजे की आधी खा, खिशात साखर ठेवा, डॉक्टरांना दाखवून डोस-वेळ बदलून घ्या. सांगितलं की त्या आजीची पुढची मुलाखत बदललीच. ठीक आहे, पण ते तसं रिपोर्टमध्ये लिहा. अशा अभ्यासाचा रिपोर्ट कसा लिहावा यासाठी 2007 ची कोरेक नावाची 32 मुद्द्यांची यादी आहे, तिचा पहिला भागच मुलाखत घेणाऱ्याबद्दल आहे, ती कोण, कुठे काम करते, बायकांची आधीची ओळख काय.

राहिली ट्रान्सफरेबिलिटी. "हे निष्कर्ष सगळीकडे लागू होतात" असं सिस्टरने लिहायचंच नसतं. तिने वेचणीची वेळ, भाकरी कधी खातात, मजुरी रोजाने की किलोवर, इन्सुलिन कोणतं, हे इतकं बारीक लिहायचं की ऊसतोडीच्या भागातला डॉक्टर वाचून स्वतः ठरवेल, माझ्याकडे पण असंच होतंय का ते. आणि परीक्षकांना जे हवं होतं, किती टक्के बायका या कारणाने चुकवतात, ते बारा जणींवरून सांगता येत नाही, त्याला मोठं सॅम्पल आणि शेतात नेलेला ग्लुकोमीटरच लागेल. फक्त फॉर्मवर "थरथर होते का" हा प्रश्न टाकायचा हे त्या आजीकडूनच कळलेलं असणार.