क्लिकर पडद्यावर रोखून काय होणार?

आपल्या सोलापुरात कुठल्याही व्याख्यानाला जा, वक्ता क्लिकर पडद्यावरच रोखतो. स्लाइड सरकली नाही की हात आणखी लांब करतो, मग मनगटाला झटका देतो. मध्यंतरी माळढोकवरच्या एका व्याख्यानात हेच चाललं होतं. नान्नजच्या माळरानाचा फोटो पडद्यावर अडकून बसलेला आणि वक्ते नेम धरून बटण दाबतायत. पहिल्या रांगेतून सल्ला आला, "सर, सेल गेला असेल." क्लिकरच्या लेझरचा लाल ठिपका मात्र पडद्यावर ठळक दिसत होता, म्हणजे सेलात जीव होता.

रोखण्याची ही सवय टीव्हीच्या रिमोटने लावली. तो अवरक्त प्रकाश फेकतो, त्यामुळे टीव्हीच्या दिशेने धरावा लागतो. क्लिकर रेडिओलहरी सोडतो, त्याही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि त्या सगळीकडे पसरतात. शिवाय त्याला पडद्याशी किंवा प्रोजेक्टरशी काही देणंघेणं नसतं. त्याचं ऐकणारा एकच, लॅपटॉपला खोचलेला नखाएवढा रिसीव्हर. लेझर तर या सगळ्यापासून वेगळाच. त्याचा ठिपका दिसला म्हणून सिग्नल पोचला असं होत नाही.

खरी गंमत रिसीव्हर लावल्या लावल्या सुरू होते. संगणक त्याला विचारतो, तू कोण? रिसीव्हर सांगतो, मी कीबोर्ड. क्लिकर म्हणून वेगळी ओळख तो देतच नाही, आणि म्हणूनच त्याच्यासाठी सीडी नको, ड्रायव्हर नको. विंडोज असो, लिनक्स असो, कीबोर्डशी बोलायचं कसं हे प्रत्येकाला आधीपासून येतं. क्लिकर बनवणाऱ्याने सादरीकरणाच्या प्रत्येक सॉफ्टवेअरशी वेगळी बोलणी करत बसण्यापेक्षा सगळ्यांना कळणारी एक कळ निवडली. 'पुढे'चं बटण बहुतेक क्लिकरमध्ये Page Down असतं आणि 'मागे'चं Page Up.

आता बटण दाबल्यावर काय होतं ते पाहू. क्लिकरमधली चिप झोपेतून जागी होते आणि काही बाइटचा रेडिओ संदेश सोडते. त्यात रिसीव्हरचा पत्ता असतो, त्यामुळे शेजारच्या वर्गातल्या क्लिकरने आपली स्लाइड हलत नाही. रिसीव्हर बहुधा पोच देतो. पोच आली नाही तर क्लिकर तोच संदेश पुन्हा पाठवतो. पण यूएसबीत उपकरणाने आपणहून बोलायचं नसतं. संगणकच दर काही मिलिसेकंदांनी विचारत राहतो, काही आहे का? मग रिसीव्हर हे आठ बाइट पुढे करतो:

```
00 00 4E 00 00 00 00 00
00 00 00 00 00 00 00 00
```

पहिली ओळ म्हणजे कळ दाबली, दुसरी म्हणजे सोडली. पहिला बाइट Shift, Ctrl यांसारख्या कळांचा, दुसरा राखीव आणि उरलेले सहा एका वेळी दाबलेल्या सहा कळांचे. 4E हा सोळाच्या पायातला आकडा, म्हणजे आपला ७८, आणि यूएसबीच्या तक्त्यात तो Page Down चा क्रमांक आहे. ही आठ बाइटची ठरावीक चौकट मुळात अशासाठी आखली की विंडोज सुरू होण्याआधी, नुसत्या बायोसलाही कीबोर्ड वाचता यावा.

या आठ बाइटांत 'स्लाइड' हा शब्द कुठेच नाही. सोलापुरी चादरीच्या मागावर जकार्डचं कार्ड सरकतं तेव्हा माग फक्त भोकं वाचतो, मोर विणला जातोय हे त्याच्या गावीही नसतं. तसंच हे. रिसीव्हरला कळेचा क्रमांक ठाऊक, त्याचा अर्थ लावणं पलीकडच्या सॉफ्टवेअरचं काम. इतकंच काय, अक्षरही त्याला ठाऊक नसतं. पडदा काळा करण्याचं बटण काही क्लिकरांत B ची कळ पाठवतं, क्रमांक 05. लॅपटॉपवर मराठी इनस्क्रिप्ट चालू असताना नोटपॅड उघडून ते बटण दाबा, 'व' उमटेल.

क्लिकरच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच आहे असं माझं मत. कीबोर्डची कळ जाते ती शेवटचं क्लिक ज्या विंडोत झालं तिथे. माळढोकच्या व्याख्यानातही तेच निघालं. प्रोजेक्टरवर स्लाइड होत्या, पण ऑपरेटरने मधल्या वेळात लॅपटॉपच्या पडद्यावर ब्राउझर उघडला होता. वक्त्यांच्या प्रत्येक दाबाला बातमीचं पान इमानेइतबारे खाली सरकत होतं. स्लाइडवर एकदा क्लिक करताच सगळं सुरळीत.

उलटा बिघाडही होतो. एकदाच दाबलं आणि स्लाइड धडाधड पळत सुटल्या. याचं एक कारण म्हणजे वरची दुसरी ओळ, 'कळ सोडली' हा संदेश, वाटेत हरवणं. संगणकाच्या लेखी कळ अजून दाबलेलीच, म्हणून तो ती पुन्हा पुन्हा धरतो. यावर उपाय म्हणून काही रिसीव्हर सुटकेची ओळ स्वतःच जोडून देतात.

आता पल्ला. नवी पेठेतल्या दुकानात खोक्यावर १०० मीटर छापलेला क्लिकर मिळतो. ते साफ खोटं नसतं, पण हिशेब मोकळ्या मैदानाचा असतो. समजा क्लिकर एक मिलिवॉट शक्तीने बोलतो. मोकळ्यावर १० मीटर गेल्यावर त्यातला साधारण दहा लाखावा भाग रिसीव्हरला मिळतो. चांगल्या रिसीव्हरला त्याच्याही सुमारे दीडशेव्या भागात काम भागवता येतं. अंतर दुप्पट केलं की शक्ती चौथाई होते, म्हणून दीडशेचं वर्गमूळ घ्यायचं, सुमारे बारा. १० मीटरचे झाले १२० मीटर. आता वक्ता पाठ फिरवून उभा राहिला आणि क्लिकर पोटाशी आला. शरीरातलं पाणी या लहरी चांगल्याच शोषतं. शक्ती शंभरपट घटली तर पल्ला दहापट घटतो आणि १२० मीटरचे १२ उरतात. (याच एका मिलिवॉटच्या 'किरणांपासून' वाचवणारे स्टिकरही बाजारात मिळतात. ते खरंच लहरी अडवत असते, तर क्लिकरला चिकटवल्यावर स्लाइड हलली नसती. करून बघा.)

बारा मीटरही कधी मिळत नाहीत, कारण रिसीव्हर चुकीच्या जागी असतो. सीपीयूच्या मागे खोचला की मध्ये पत्र्याचा डबा येतो. निळ्या यूएसबी ३.० पोर्टात, शेजारी हार्ड डिस्क चालू असेल तर आणखी पंचाईत: तिथल्या वेगवान डेटाचा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. इंटेलने २०१२ साली यावर एक तांत्रिक टिपणच काढलं होतं. अशा वेळी मीटरभर यूएसबी एक्स्टेंशन केबलने रिसीव्हर टेबलावर आणला की फरक लगेच कळतो.

दोष रेडिओचा की विंडोचा, हे ओळखायला पुन्हा नोटपॅडच. त्यात दोन-तीन पानांचा मजकूर टाका, त्यावर क्लिक करा आणि भाषणाच्या जागेवरून बटण दाबा. कर्सर दर वेळी खाली उडी मारत असेल तर रेडिओ ठीक आहे, घोळ विंडोचा. जवळून चालतं आणि लांबून चुकतं, तर जागा बदला. लॅपटॉपला टेकूनही काही होत नसेल तरच सेल बदला.

या कीबोर्डपणाला एक काळी बाजू आहे. रिसीव्हर लावला म्हणजे संगणकाने पूर्ण कीबोर्ड स्वीकारला, दोन कळांचा नव्हे. २०१६ साली बॅस्टिल या कंपनीच्या संशोधकांनी 'माउसजॅक' नावाने दाखवून दिलं की अनेक बिनतारी माउसचे रिसीव्हर परक्या रेडिओवरून आलेल्या, कूटबद्ध नसलेल्या कळाही मुकाट स्वीकारतात. पुढे काही क्लिकरांतही हाच दोष सापडला. हल्लेखोराला Page Down मध्ये रस नसतो. तो Windows आणि R या कळा पाठवून आज्ञा टाइप करू शकतो, तुमच्याच लॉगिनमधून. व्याख्यान संपलं की रिसीव्हर काढून क्लिकरच्या पोटातल्या खाचेत ठेवा. बहुतेक क्लिकरांत ती खाच दिलेली असते.