साठ ट्रॉल्यांचे कोटेशन आणि दोनदा धरलेला वरखर्च

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या वर्कशॉपमध्ये मासळी प्रक्रिया आणि आंबा कॅनिंग कारखान्यांसाठी स्टेनलेस स्टीलची टेबले, टाक्या आणि ट्रॉल्या तयार होतात. आमच्या कोटेशनची मांडणी आता बदलली आहे, आणि ती का बदलली हे आपल्याला कळावे म्हणून हातून गेलेल्या एका ऑर्डरची हकीकत येथे देत आहोत.

एका मासळी प्रक्रिया कारखान्याने साठ ट्रॉल्यांसाठी बंद पाकिटात दर मागवले होते. आम्ही जीएसटी वगळून 13,46,400 रुपये भरले आणि काम 12,80,000 रुपयांना दुसरीकडे गेले. समोरच्याने पातळ पत्रा धरला असणार, असे म्हणून आम्ही विषय सोडून दिला.

हिशेब सांभाळायला नुकत्याच आलेल्या मुलीने मात्र तो सोडला नाही. महावितरणच्या बिलाची नोंद करताना तिने आमच्या थोरल्या भागीदारांना विचारले, “अण्णा, हे बिल ग्राहकाकडून कोटेशनच्या कोणत्या ओळीत वसूल होतं?” अण्णा म्हणाले, “मशीनच्या तासाच्या दरात.” तेवढ्यात फोरमन म्हणाले, “वरखर्चाच्या टक्क्यात.” दोघांचेही उत्तर बरोबर होते, आणि घोटाळा नेमका तिथेच होता.

तिने फाइल उघडली. त्या कोटेशनमध्ये माल 8,40,000 रुपये, मजुरी 1,20,000 रुपये, 300 मशीन-तास ताशी 400 रुपयांनी 1,20,000 रुपये, मजुरीवर 120 टक्के वरखर्च म्हणजे 1,44,000 रुपये आणि या सगळ्यावर 10 टक्के नफा, असे धरले होते. हा 120 टक्क्यांचा आकडा जवळजवळ सगळे काम हाताने होत असे तेव्हापासूनच्या पद्धतीने काढलेला आहे: वर्कशॉपचा वर्षाचा वरखर्च 18 लाख, मजुरी 15 लाख, म्हणून 120 टक्के. पुढे पत्रा कापण्याचे आणि वाकवण्याचे यंत्र व आर्गॉन वेल्डिंगचा संच आला, तेव्हा त्यांची वीज, घसारा, दुरुस्ती आणि त्यांनी अडवलेल्या जागेचे भाडे मिळून 10,80,000 रुपये वर्षाच्या 2,700 तासांवर वाटून ताशी 400 रुपयांचा दर बसवला गेला. दर चोख होता. पण हेच 10,80,000 रुपये वरखर्चाच्या 18 लाखांतही धरलेले होते आणि त्यातून वजा करायचे राहून गेले, आणि टक्केवारी दरवर्षी पूर्ण रकमेवरच काढली जात राहिली.

खात्री करण्यासाठी तिने मागील वर्षाच्या सर्व कोटेशनांत धरलेल्या मशीन-दराची आणि वरखर्चाची बेरीज केली. ती सुमारे 28 लाख भरली, आणि वहीत प्रत्यक्ष खर्च 18 लाखांचा होता. थोडाफार फरक कुठल्याही वर्कशॉपमध्ये पडतोच, पण हा फरक जवळजवळ मशीनच्या खर्चाएवढाच निघाला.

मग इतकी वर्षे हे ध्यानात कसे आले नाही? दुरुस्तीच्या कामात मशीनचे तास नगण्य असतात, त्यामुळे तिथे ही दुहेरी आकारणी दिसत नाही. मोठ्या कामात ग्राहक समोर बसून घासाघीस करतो आणि आम्हीही ‘जुने गिऱ्हाईक’ म्हणून सूट देतो, त्यात जादा रक्कम निघून जाते. बंद पाकिटात घासाघीस नसते, आणि ट्रॉल्यांचे काम तर बव्हंशी मशीनचेच होते.

“मग टक्केवारीच काढून टाक,” असे अण्णा लगेच म्हणाले. त्यावर तिने सांगितले की फोरमनचा पगार, स्टोअर आणि उरलेल्या जागेचे भाडे मिळून 7,20,000 रुपये कोणत्याच मशीनचे नाहीत, आणि ते मजुरीच्या 48 टक्के होतात. त्या हिशेबाने ट्रॉल्यांवरचा वरखर्च 57,600 रुपये, खर्चाची बेरीज 11,37,600 रुपये आणि नफ्यासह दर 12,51,360 रुपये आला. म्हणजे ज्या दराने काम गेले त्याहून 28,640 रुपये कमी. अण्णा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले.

यातून आणखी एक गोष्ट उघड झाली, आणि ती सांगताना आम्हाला संकोच वाटतो. हाताने होणाऱ्या दुरुस्तीवरही 120 टक्के लागत असल्यामुळे, मशीनला हातही न लावलेल्या कामाचे ग्राहक मशीनचा खर्च सोसत होते. त्या कामांना आता 48 टक्केच लागतील.

मशीनचा दर मात्र वर्षाच्या नेहमीच्या तासांवरच ठरेल. पावसाळ्यातील मासेमारी बंदीच्या काळात मशीन बरीच थांबलेली असतात. त्या महिन्यांतल्या कमी तासांवर दर काढला तर तो उगाच फुगेल, आणि रिकाम्या मशीनचा भार त्या वेळी आलेल्या ग्राहकावर पडेल.

यापुढे प्रत्येक कोटेशनमध्ये मशीन-तास आणि वरखर्च वेगळे दाखवले जातील, आणि कोणत्या ओळीत कोणता खर्च येतो हे खाली लिहिलेले असेल. आमचे जुने, अद्याप न स्वीकारलेले कोटेशन आपल्याकडे असल्यास ते घेऊन यावे; त्याचा हिशेब नव्याने करून दिला जाईल.