जूनमधले एकवीस दिवस

कुणी प्रबंधाचं विश्लेषण दाखवायला आणलं, की मी आधी त्यातली अशी एक बारीक ओळ शोधते:

```
(42 observations deleted due to missingness)
```

ही ओळ R या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या `airquality` या डेटाची आहे. त्यात न्यूयॉर्कच्या हवेच्या नोंदी आहेत, मे ते सप्टेंबर १९७३, एकूण १५३ दिवस. ओझोनचा ऊन, वारा आणि तापमान यांच्याशी संबंध तपासायला घेतला, की ज्या दिवसाचा एक जरी रकाना रिकामा असेल, तो दिवस R स्वतःहून वगळतं. उरतात १११ दिवस. विद्यार्थ्याने काही ठरवलेलं नसतं, पण निर्णय झालेला असतो.

म्हणून आधी रिकामे रकाने कुठे आहेत ते बघावं. ओझोनच्या ३७ नोंदी नाहीत आणि त्यातल्या २१ एकट्या जूनच्या आहेत. जूनचे फक्त नऊ दिवस हाती उरतात. असलेल्या ११६ दिवसांची ओझोनची सरासरी येते ४२.१. प्रत्येक महिन्याची सरासरी वेगळी काढून तिला त्या महिन्याच्या दिवसांइतकं वजन दिलं, तर ती सुमारे ४०.९ होते. जूनमध्ये ओझोन कमी होता आणि गाळणीत तोच महिना सांडला, त्याचा हा परिणाम. फरक लहान आहे, पण तो मोजल्यावरच लहान म्हणता येतो.

मग रिकाम्या जागी सरासरी भरली तर? हा उपाय मला सर्वांत घातक वाटतो. ३७ दिवस एकाच आकड्यावर येऊन बसतात, प्रमाण विचलन ३३ वरून २९ च्या खाली घसरतं, आणि न मोजलेले दिवस मोजल्यासारखे दिसून निष्कर्षाला खोटी खात्री येते.

त्यापेक्षा R मधलं `mice` हे पॅकेज वापरावं. ते तापमान, वारा, महिना यांच्या आधारे प्रत्येक रिकाम्या जागेसाठी संभाव्य आकडा काढतं, तेही एकदा नाही, समजा वीस वेळा. वीस पूर्ण तक्ते तयार होतात, प्रत्येकावर तेच विश्लेषण करून उत्तरं एकत्र करायची. तक्त्यातक्त्यांत जेवढी तफावत, तेवढी अनिश्चितता अंतिम उत्तरात धरली जाते.

प्रबंधात दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. त्याआधी एवढं लिहा: ‘१५३ पैकी ४२ दिवसांच्या नोंदी अपूर्ण आहेत, ओझोनच्या ३७ रिकाम्या नोंदींपैकी २१ जूनमधल्या. मुख्य विश्लेषण वीस भरलेल्या तक्त्यांवर केले. अपूर्ण दिवस वगळून काढलेले उत्तर सोबत दिले आहे.’ कोणतं उत्तर मुख्य, हे निकाल पाहण्याआधी ठरवा. दोन्हींत मोठा फरक पडला, तर तोही लिहा.

आणखी एक शंका उरते. ओझोन फार वाढल्यामुळेच यंत्र बंद पडत असेल, तर वगळणं आणि हे भरणं, दोन्ही चुकतील. तक्ता कितीही न्याहाळला तरी ते त्यातून कळत नाही. त्यासाठी नोंदवही उघडावी लागते, किंवा यंत्राशेजारी कोण होतं ते शोधून त्याला विचारावं लागतं.