कपाला चिकटून राहणारा मध

‘एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम’ हे समीकरण शाळेत पाण्यासाठी शिकवले जाते आणि पुढे आपण ते स्वयंपाकघरातल्या प्रत्येक द्रवाला लावतो. मधाची घनता पाण्याच्या सुमारे 1.4 पट असल्याने 240 मिलिलिटरच्या कपात साधारण 340 ग्रॅम मध मावतो. ही चूक घनता ठाऊक झाली की दुरुस्त होते. दुसरी मात्र आकडेमोडीने सहज दुरुस्त होत नाही, कारण कपात भरलेला सगळा मध पातेल्यात उतरतच नाही.

द्रव ओतताना भांड्याला अगदी लागून असलेला त्याचा थर जागचा हलत नाही, त्याच्या शेजारचा थर किंचित सरकतो आणि त्यापुढचा अधिक वेगाने वाहतो. थरांमधल्या या अंतर्गत घर्षणाला श्यानता म्हणतात. 20 अंश सेल्सिअसला मधाची श्यानता पाण्याच्या साधारण 10,000 पट असते. मागे उरणाऱ्या थराची जाडी श्यानतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून मधाचा थर पाण्याच्या जवळजवळ शंभरपट जाड राहतो. शिवाय थर जसजसा पातळ होतो तसतसा त्याचा वेगही मंदावतो; उरलेली जाडी निम्मी व्हायची असेल, तर चौपट वेळ थांबावे लागते.

7 सेंटिमीटर व्यासाचा आणि 6 सेंटिमीटर उंचीचा कप अर्धा मिनिट उलटा धरला, तर या हिशेबाने त्याच्या भिंतीवर सरासरी 0.8 मिलिमीटर जाडीचा थर उरतो. म्हणजे सुमारे 15 ग्रॅम मध कपातच राहतो, आणि तळाला चिकटलेला त्याहून वेगळा. थंडीत श्यानता चौपट झाली की हा तोटा दुप्पट होतो. त्यामुळे तोच कप आणि तीच कृती असूनही डिसेंबरातला केक मे महिन्यातल्या केकपेक्षा कमी गोड होतो.

पाण्यात टाकलेला मधाचा थेंब न विरघळता तळाशी गेला की मध शुद्ध, ही समजूतही घनता आणि श्यानता न तपासता पसरली आहे. साखरेचा दाट पाकही अगदी तसाच तळाशी जातो, त्यामुळे या परीक्षेतून भेसळ कळत नाही.

वजन करताना कपाची गरजच उरत नाही. पातेले काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि मध थेट त्यातच ओतावा. काटा दाखवेल तेवढा मध पदार्थात गेलेला असतो. पातेले काट्यावर मावत नसेल, तर मधाची बाटलीच काट्यावर ठेवून शून्य करावे आणि ओतून झाल्यावर ती परत ठेवावी. काट्याने उणे 60 दाखवले, तर 60 ग्रॅम मध बाहेर गेला; बाटलीच्या तोंडाला चिकटलेला मध काट्यावर परत आलेलाच असतो. काकवी आणि पाकालाही हीच रीत लागू पडते. मात्र घरगुती काटा बहुधा एकेक ग्रॅमच दाखवतो, म्हणून जेमतेम 7 ग्रॅम भरणाऱ्या चहाच्या चमचाभर मधासाठी दशांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्यावा.